मारुती कुठंपर्यंत?

दादाच्या लग्नाला दोन महिने झाले होते. श्रावणातली संध्याकाळ, बाहेर धो-धो पाऊस, आणि स्वयंपाकघरात मी आणि वहिनी मेथी निवडत बसलो होतो. तेवढ्यात दादानं त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरचा एक स्क्रीनशॉट आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. मी वाचला आणि हसू आवरेना. आईनं चष्मा लावून वाचला, तीही हसली. आतल्या खोलीतून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. वहिनींनी फोन हातात घेतला, वाचला, परत वरपासून वाचला आणि म्हणाल्या, "छान आहे."

त्या "छान आहे"वरून मला कळलं की त्यांना काहीच कळलेलं नाही.

स्क्रीनशॉटमध्ये पाच ओळी होत्या.

"साहेबांनी अजून तीन फाइली पाठवल्या."
"मारुती कुठंपर्यंत?"
"छातीपर्यंत. गंगापूरमधून अजून सोडतायत."
"मग भांडी बाजार खाली करायला घ्या."
"काही होत नाही. शेवटी सगळं पैठणलाच जाणार."

वहिनी संभाजीनगरच्या. मराठी त्यांची माझ्याइतकीच, किंबहुना माझ्यापेक्षा ठसकेबाज. या पाच ओळींत त्यांना अर्थ विचारावा लागेल असा एकही शब्द नव्हता. मारुती माहीत, छाती माहीत, बाजार माहीत, आणि पैठण तर त्यांच्या माहेरापासून तासा-दीड तासावर. तरी सगळं मिळून त्यांच्यासमोर कोरी भिंत उभी होती. परक्या भाषेतला विनोद कळला नाही तर माणूस सरळ विचारतो. आपल्याच भाषेतला कळला नाही की गप्प बसतो, आणि नव्या घरात तर हमखास. म्हणून मला वाईट वाटलं, आणि मी लगेच समजावायला घेतलं.

आणि चुकीच्या टोकापासून घेतलं.

मी म्हटलं, "अहो वहिनी, आपल्याकडे तो दुतोंड्या मारुती आहे ना, त्याच्या छातीपर्यंत पाणी आलं की पूर मोठा. म्हणजे दादाच्या ऑफिसात काम छातीपर्यंत आलंय." हे सांगताना मी परत हसले. वहिनीही हसल्या, पण माझं हसणं बघून, अर्ध्या क्षणानं मागून. हा उशीर मला आता ओळखता येतो. विनोद आतून कळला की हसू शेवटच्या शब्दाच्या आधीच फुटायला लागतं. सौजन्याचं हसू नेहमी सांगणाऱ्याच्या मागोमाग येतं.

मी अजून सांगत सुटले. मारुतीला दोन तोंडं का, कुठं उभा आहे, २०१९ ला कसा अख्खा दिसेनासा झाला होता. वहिनी मान डोलवत होत्या. मग मीच थांबले आणि विचारलं, "तुम्ही नेमकं कुठं अडलात?"

त्या जरा संकोचल्या. म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का? परवा आई म्हणाल्या, 'गंगेला पाणी वाढलंय, गंगेवर जाऊ नका.' मला वाटलं, त्यांचं कुणी काशीला गेलंय. आणि आता हे गंगापूर. आमच्याकडं गंगापूर म्हणजे तालुक्याचं गाव आहे, वैजापूरच्या वाटेवरचं. तिथून काय सोडतायत तेच मला कळेना."

मी मारुतीपाशी खणत होते आणि त्या गंगेपाशीच उभ्या होत्या. कुणाला काही समजावताना आपण आपल्याला जे खास वाटतं तिथून सुरुवात करतो. ऐकणारा मात्र अशा शब्दापाशी अडलेला असतो जो आपल्याला शब्द म्हणून दिसतसुद्धा नाही.

तर पहिल्यापासून. नाशिकमध्ये गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. नकाशात, भाषणात, आरतीत ती गोदावरी. घरात ती गंगा. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे रामकुंडाच्या बाजूला जाऊन येतो. बुधवारचा बाजार भरतो तो गंगेवर. माझी आजी कपडे धुवायला जायची ती गंगेवर. दक्षिणेतली गंगा असं गोदावरीचं माहात्म्य आहे, पण आम्हाला हे माहात्म्य आठवावं लागत नाही, इतकं ते नाव जिभेवर बसलेलं. आणि गंगापूर म्हणजे नाशिकच्या वरच्या अंगाचं गाव, तिथलं मातीचं धरण. शहराला प्यायला पाणी तिथून येतं, आणि पावसाळ्यात पूर यायचा तोही तिथूनच.

वहिनींनी हातातली मेथी खाली ठेवली. म्हणाल्या, "असं होय! मग अंबडचंही असंच झालं होतं." त्यांनी लग्न ठरताना माहेरी सांगितलं होतं की मुलगा अंबडला नोकरीला आहे. त्यांच्या मामींनी धरून चाललं की जालन्याचं अंबड, जवळच आहे, बरं झालं. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीचं नावही अंबड आहे हे त्यांना साखरपुड्यात कळलं. यावर आम्ही दोघी मनापासून हसलो, आणि मला वाटतं त्या हसण्यानं पुढचं काम सोपं झालं.

आता मारुती. रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्रातच एक उंच मूर्ती उभी आहे. पुढून बघा की मागून, मारुतीचं तोंड दिसतंच, म्हणून दुतोंड्या. उन्हाळ्यात पोरं त्याच्या पायाशी खेळतात, सावलीला माणसं बसतात. पावसाळ्यात तोच शहराची मोजपट्टी होतो. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं, डोक्यावरून गेलं. वर्तमानपत्रातही बातमी अशीच येते. एकीकडे धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, होळकर पुलाखालून किती वाहतंय हे आकडे, आणि त्याच बातमीत मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी. लोक आकडा वाचतात, पण दुसऱ्याला सांगताना मारुती सांगतात.

वहिनींनी इथं फार चांगला प्रश्न विचारला. "पण आकडा असताना मूर्ती कामून लागते?"

मी कधी हा विचार केला नव्हता. सांगता सांगताच मला उलगडत गेलं. धरणातून किती सोडलं हा आकडा धरणाच्या दारातला आहे. तिथून शहरात येईपर्यंत मधल्या नाल्यांचं पाणी नदीला मिळतं, शहरातल्या रस्त्यांवरून वाहून येणारं मिळतं. त्या दिवशी गावात पाऊस किती आहे त्यावर सगळं अवलंबून. सकाळी आणि रात्री आकडा एकच असला तरी घाटावरचं पाणी वेगळं असू शकतं. भांडी बाजारातल्या दुकानदाराला धरणाच्या दारातलं पाणी कळून उपयोग नाही, त्याला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी काय होणार ते हवं असतं. मारुती गल्लीच्या तोंडाशीच उभा आहे. त्याच्या अंगावरची ओली रेघ म्हणजे सगळ्या बेरजा-वजाबाक्या होऊन आलेलं उत्तर.

त्यातून प्रत्येक रेघेला वर्षानुवर्षांच्या अनुभवानं अर्थ चिकटलेला आहे. गुडघ्यापर्यंत असताना घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात, आणि बाकीचं गाव पूर बघायला पुलावर जमतं. कमरेला आलं की घाटावरची लहान देवळं पाण्यात जातात आणि पोलीस दोर लावतात. छातीला आलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातली माणसं खालचा माल वरच्या मजल्यावर चढवायला घेतात. त्याच्याही वर गेलं की जुनी माणसं मारुतीचं नाव घेत नाहीत, ती विचारतात, सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागलं का? माझ्या आजीसाठी खरा पूर एकच, १९६९ चा. २००८ चा आला तेव्हा ती म्हणाली होती, हा बराच आहे, पण तो नव्हे.

हे एवढं झाल्यावर मी वहिनींना परत तो स्क्रीनशॉट दिला. या वेळी मी काही बोलले नाही. त्या वाचत गेल्या आणि दुसऱ्या ओळीवर त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "म्हणजे हे एकमेकांना काम किती साचलं ते विचारतायत. छातीपर्यंत म्हणजे आता माल हलवायची वेळ आली."

"आणि अजून सोडतायत म्हणजे?"

"साहेब धरणाच्या दारावर बसलेत!" वहिनी म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. ते हसू माझ्या मागून आलेलं नव्हतं.

ही तिसरी ओळ मला या सगळ्यात सर्वांत आवडते. मारुती सांगतो ते फक्त आत्ताचं. पुढं काय येणार ते त्याला ठाऊक नसतं. ते धरणावर ठरतं, आणि दार उघडल्यापासून पाणी घाटावर यायला काही वेळ जातो. त्या मधल्या वेळात नाशिककर एका विचित्र अवस्थेत असतो. समोर पाणी छातीपर्यंत दिसतंय, आणि ठाऊक आहे की वरून अजून निघालंय. ज्याच्या टेबलावर फाइलींचा ढीग आहे आणि मेलमध्ये नवीन तीन येऊन पडल्यात, त्याची नेमकी हीच अवस्था असते. म्हणून ही उपमा नुसती गंमत म्हणून चिकटवलेली नाही, ती आतून जुळते. ज्यानं लिहिली त्यानं लहानपणी होळकर पुलावर बापाच्या खांद्यावर बसून पूर पाहिलेला असणार.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झालं. शेवटची ओळ तर वहिनींना आपोआप कळेल, पैठण त्यांचंच. पण त्या पाचव्या ओळीवर येऊन थांबल्या आणि हसल्या नाहीत.

"हे काय आहे, शेवटी सगळं पैठणलाच जाणार?"

मी सांगितलं. ऑफिसातल्या लोकांना म्हणायचंय की कष्ट आपण करतो, नाव दुसऱ्याचं होतं. मग ते पैठणशी का जोडलं तेही सांगितलं. नाशिक जिल्ह्यात धरणं बांधली, जमिनी इथल्या गेल्या, पाऊस आमच्या डोंगरात पडतो, आणि दिवाळीच्या आगेमागे आमच्या धरणांतलं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाला सोडायचं असतं. त्यावरून मोर्चे होतात, कोर्टात जातात. इथला द्राक्षवाला हातातोंडाशी आलेला हंगाम बघत काळजी करतो. बोलता बोलता माझा सूर बदलला असावा. मी "आमचं पाणी" असं दोनदा म्हटलं, हे मला नंतर लक्षात आलं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही ज्याला पूर म्हणता ना, त्याला आमच्या इकडं आवक म्हणतात."

मी मेथी निवडायची थांबले.

त्या सांगायला लागल्या. त्यांच्या घरी पावसाळ्यात रोज सकाळी पेपर आला की त्यांचे वडील आधी एक चौकट वाचायचे: नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, आवक किती क्युसेक, साठा किती टक्के. शहराला पाणी जायकवाडीचं, आणि नळ रोज येत नाही. मधे कित्येक दिवस जातात. पाणी येणार त्या दिवशी घरातलं एक माणूस बाहेर जात नाही. त्यामुळे क्युसेक, टीएमसी हे शब्द त्यांना शाळेत शिकवावे लागले नाहीत, ते घरातच शिकले. मला इतकी वर्षं नाशिकमध्ये राहून क्युसेक म्हणजे "बरंच पाणी" एवढंच माहीत होतं. वहिनींनी मेथीच्या जुडीच्या कागदावर मला हिशोब करून दाखवला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. गंगापूरमधून १०,००० क्युसेक सोडलं तर सेकंदाला २ लाख ८० हजार लिटर. "दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर," त्या म्हणाल्या. "आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. असं दिवस-रात्र चाललं तर पाऊण टीएमसीच्या वर जातं."

टँकरात मोजणं मला कधीच सुचलं नसतं. मी पुराचं पाणी मारुतीच्या अंगावर मोजत आले, त्या टँकरात मोजत आल्या. नदी तीच.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं त्या पाचव्या ओळीचा माझ्यापुरता सांधाच निखळला. त्या म्हणाल्या, "तुमच्या गंगापूर धरणात सगळं मिळून साडेपाच टीएमसीच्या आसपास मावतं. जायकवाडी शंभरच्या वर. तुमचं भरलं की पावसाळ्यात दार उघडावंच लागतं, नाहीतर धरणालाच धोका. मग मारुती बुडतो ते पाणी तुम्ही ठेवणार होता कुठं?"

मला उत्तर नव्हतं. कारण त्या बरोबर होत्या. आमच्या या विनोदात दोन वेगवेगळी पाणी एकात मिसळलेली आहेत. एक पावसाळ्यातलं, जे कुणी मागितलं नाही तरी सोडावं लागतं, जे थांबवलं तर आम्हीच बुडू. ते नांदूरमध्यमेश्वरवरून, कोपरगावावरून पुढे जातं आणि पैठणला पोचतं, आणि ते तिथं पोचणं ही आमचीही सुटका असते. दुसरं पावसाळ्यानंतरचं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी द्यायचं, असं गेली काही वर्षं चालत आलेलं सूत्र आहे. भांडण आहे ते या दुसऱ्या पाण्याचं, आणि त्यात दोन्हीकडची माणसं खरी बोलतात. जेवढा पूर जास्त पैठणला जातो, तेवढी ऑक्टोबरात आमच्याकडे मागणी कमी येते. म्हणजे मारुतीच्या छातीला पाणी आलं की आमची द्राक्षंसुद्धा थोडी वाचतात. "शेवटी सगळं पैठणलाच जाणार" म्हणताना आम्ही पहिल्या पाण्याकडे बोट दाखवतो आणि राग दुसऱ्या पाण्याचा काढतो.

मी वर्षानुवर्षं या ओळीच्या चालीवर हसत आले होते. कुणाला समजावून सांगावी लागली नसती तर तिच्या आत काय आहे ते मी कधी उघडून पाहिलंच नसतं. विनोद कळणाऱ्यांच्या घोळक्यात तो तपासला जात नाही, तिथं सगळे आधीच हसलेले असतात.

मला वाटलं वहिनी दुखावल्या असतील. तसं नव्हतं. त्यांनी विचारलं, "उद्या घेऊन जाल का मला गंगेवर?" गंगेवर हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला होता. आम्ही रविवार कारंजावरून चालत खाली उतरलो. बाजारात ओल्या गोणपाटाचा आणि तांब्या-पितळेचा मिळून एक वास असतो तो होता. दोर लावलेला होता, त्याच्या अलीकडे माणसांची गर्दी, खांद्यावर पोरं, कणसं भाजणारा. पाणी चहाच्या रंगाचं, आणि त्यात मधोमध शेंदरी मारुती. मी बोट दाखवणार तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "गुडघ्याच्या वर आहे. कमरेला नाही अजून."

शेजारी एक आजोबा छत्री टेकवून उभे होते. ते म्हणाले, "बाई, दुपारी कमरेला होतं. उतरलं आता."

"वरून बंद केलं का?" वहिनींनी विचारलं.

"कमी केलं," आजोबा म्हणाले. "आता पुढच्यांना मिळेल."

आजोबांना वहिनी कुठल्या ते ठाऊक नव्हतं. ते सहज बोलले. वहिनी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मारुतीचा फोटो काढला, आणि तिथंच दोराला टेकून संभाजीनगरला धाकट्या बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, "मारुती दुपारी कमरेपर्यंत होता. चार-सहा दिवसांत बाबांना आवक बघायला सांग."

उत्तर आम्ही परत भांडी बाजारात शिरतोय तोवर आलं. "कोण मारुती? कशाची आवक? आणि तू पाण्यात काय करतेयस?"

वहिनी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसल्या. मी म्हटलं, घरी जाऊन सांगा सावकाश, पाऊस येईल. त्यांनी हातानं मला थांबायची खूण केली आणि बहिणीला फोन लावला.

"हं, ऐक," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, गंगा म्हटलं की तुला काय आठवतं?"